रिपोर्टमधली मान आणि डोक्यातलं दुखणं

सी५–सी६ या मणक्यांमधली जागा कमी झालेली. मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं वाढलेली. मानेचा नैसर्गिक बाक सरळ झालेला. निष्कर्ष : सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस. चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढला, तर त्याच्या रिपोर्टमध्ये यातलं एखादं तरी वाक्य सापडण्याची शक्यता मोठी असते. पण हा कागद ज्याच्या हातात पडतो, तो पुष्कळदा मानेची तक्रार घेऊन गेलेला नसतो. डोकं दुखतं म्हणून गेलेला असतो, आणि बोलता बोलता त्याने ‘मानही आखडते’ असं सांगितलेलं असतं. त्या दिवसापासून त्याच्या डोकेदुखीला एक कायमचं कारण मिळतं. मणका झिजलाय, गॅप आलीय, नस दबतेय, म्हणून डोकं दुखतंय. घरातली उशी पातळ होते, गळ्यात पट्टा येतो, जड पिशवी उचलणं बंद होतं आणि पुढची कित्येक वर्षं कुणी ‘डोकं नक्की कसं दुखतं?’ असं विचारत नाही. या प्रकरणात मला एवढंच दाखवायचं आहे, की रिपोर्टमध्ये जे दिसलं ते खरं असतं, पण डोकेदुखीचा दोष त्याच्यावर टाकला जातो तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. आणि त्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

आधी स्पॉन्डिलोसिस म्हणजे काय ते पाहू. मानेत सात मणके असतात. वरचे दोन मणके घडणीने वेगळे असतात. कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये किंवा पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये गादी नसते. दुसऱ्या मणक्यापासून खाली मात्र प्रत्येक जोडीत एक गादी असते आणि मागच्या बाजूला दोन छोटे सांधे असतात. तारुण्यातच या गादीतलं पाणी हळूहळू कमी होऊ लागतं. पाणी कमी झालं की गादीची उंची घटते, भार मणक्यांच्या कडांवर जास्त पडतो, आणि त्या कडांना हाडाची छोटी टोकं फुटतात. मागचे सांधेही थोडे जाड होतात. या सगळ्या बदलांना मिळून स्पॉन्डिलोसिस म्हणतात. तो सगळीकडे सारखा नसतो. मान पुढेमागे वाकवताना खालच्या भागात, म्हणजे पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा या मणक्यांमध्ये हालचाल जास्त होते, म्हणून झीजही तिथेच सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त दिसते. ही जागा लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या युक्तिवादात तिला फार महत्त्व आहे.

आता पहिला प्रश्न असा, की ज्यांना काहीच त्रास नाही अशा लोकांच्या मानेत काय दिसतं? हा प्रश्न संशोधकांनी नीट विचारला आहे. १९८६ साली अमेरिकेत गोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या २०० स्त्री-पुरुषांचे एक्स-रे पाहिले. साठ ते पासष्ट या वयोगटातल्या ९५ टक्के पुरुषांत आणि ७० टक्के स्त्रियांत झिजेचा किमान एक बदल होता. २०१५ साली जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी यापेक्षा बरंच मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी विशी ते सत्तरीतल्या, लक्षणं नसलेल्या १२११ जणांचे मानेचे एमआरआय केले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांत निदान एक गादी फुगून बाहेर आलेली दिसली. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की विशीतल्या, धडधाकट तरुण-तरुणींतही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे ‘गादी फुगली आहे’ हे वाक्य वयस्क माणसाच्याच काय, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्येही सहज येऊ शकतं, आणि त्या मुलाला आपल्याला मान आहे याची आठवणही होत नसते. मानेचा बाक सरळ होण्याचंही तसंच. रिपोर्टमध्ये त्याचा अर्थ ‘स्नायू आखडले’ असा लावला जातो, पण सरळ मान निरोगी लोकांतही वारंवार आढळते. फोटो काढताना हनुवटी थोडी खाली घेतली तरी बाक कमी दिसतो.

या आकड्यांवरून काय निष्पन्न होतं ते एका साध्या हिशेबाने पाहता येईल. समजा, साठीच्या आसपासचे १०० जण घेतले आणि त्यातल्या ८० जणांच्या मानेत स्पॉन्डिलोसिस आहे. या शंभरात २० जणांना अर्धशिशी आहे, आणि अर्धशिशीचा मणक्यांशी काही संबंध नाही असं धरू. तरीही त्या वीस जणांपैकी साधारण सोळा जणांच्या रिपोर्टमध्ये स्पॉन्डिलोसिस लिहिलेलं येईल. सोळाही जणांना वाटेल की कारण सापडलं. ज्या तपासणीत कारण असो वा नसो, उत्तर बहुधा ‘आहे’ असंच येतं, ती तपासणी कारणाबद्दल काहीच सांगत नाही. यावर कुणी म्हणेल की हा केवळ कागदावरचा हिशेब झाला. पण हीच गोष्ट रुग्णांत थेट तपासूनही पाहिली गेली आहे. तुर्कस्तानातल्या जोश्कुन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मानेपासून उद्भवणारी डोकेदुखी असल्याचं निदान झालेले २२ रुग्ण आणि २० निरोगी माणसं यांच्या मानेचे एमआरआय शेजारी ठेवले. गादी फुगण्याचं प्रमाण दोन्हींकडे पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपासच होतं. अभ्यास छोटा आहे, त्याच्यावर सगळा भार टाकू नये. पण लक्षात घेण्यासारखं हे, की ज्यांची डोकेदुखी खरोखर मानेतून येते असं मानलं गेलं, त्यांच्यातही एमआरआय वेगळं काही दाखवू शकला नाही.

दुसरा पुरावा वयाचा आणि काळाचा आहे, आणि तो पडताळायला कोणतंही यंत्र लागत नाही. स्पॉन्डिलोसिस वयाबरोबर वाढतच जातो. तिशीपेक्षा पन्नाशीत जास्त, पन्नाशीपेक्षा सत्तरीत जास्त. तोच जर डोकेदुखीचं मोठं कारण असता, तर सत्तरीतली माणसं सर्वांत जास्त डोकं धरून बसलेली दिसायला हवी होती. प्रत्यक्षात अर्धशिशीचा जोर तिशी-चाळिशीत सर्वाधिक असतो आणि त्यानंतर ओसरत जातो. अर्धशिशी स्त्रियांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळते. झिजेच्या बाबतीत असा फरक नाही, उलट गोर यांच्या एक्स-रेंत पुरुषच पुढे होते. शिवाय हाडाचं टोक एकदा वाढलं की ते रोज, चोवीस तास तिथेच असतं. डोकेदुखी मात्र महिन्यातून दोनदा येते, दीड दिवस राहते आणि मधले तेरा-चौदा दिवस माणूस अगदी ठणठणीत असतो. न बदलणाऱ्या हाडावरून हे येणंजाणं समजत नाही. ‘त्या दिवशी मान अवघडली असेल’ असं म्हणून ही अडचण बाजूला सारली जाते. पण मग त्याच माणसाची मान इतर दिवशी अवघडते तेव्हा डोकं का दुखत नाही, याचं उत्तर द्यावं लागेल.

तिसरा पुरावा शरीररचनेचा आहे, आणि मला तो सर्वांत पटणारा वाटतो. मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी फक्त वरच्या तीन जोड्यांची वेदना डोक्यात जाणवण्याची सोय शरीरात आहे. कपाळ, डोळे आणि चेहरा यांची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल या मोठ्या मज्जातंतूचे धागे मेंदूच्या देठातून खाली उतरून मानेच्या वरच्या भागापर्यंत येतात आणि तिथे या तीन जोड्यांच्या धाग्यांबरोबर एकाच पेशीसमूहावर पोचतात. त्या पेशींना वरून आलेला निरोप आणि खालून आलेला निरोप नीट वेगळा करता येत नाही. म्हणून मानेच्या वरच्या सांध्यातलं दुखणं डोक्याच्या मागे किंवा कपाळात जाणवू शकतं. पण स्पॉन्डिलोसिस प्रामुख्याने असतो कुठे? पाचव्या-सहाव्या मणक्यात. तिथून निघणारे मज्जातंतू खांद्याकडे आणि हाताकडे जातात. १९९० साली ड्वायर, ॲप्रिल आणि बोगडक यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या मानेतल्या वेगवेगळ्या सांध्यांत सुईने द्रव भरून ते मुद्दाम ताणले आणि वेदना कुठे जाणवते याचे नकाशे काढले. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधला सांधा ताणला तेव्हा वेदना मानेच्या वरच्या भागात आणि डोक्याच्या मागे गेली. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधला सांधा ताणला तेव्हा ती खांद्याकडे गेली. ज्या पातळीवरची झीज रिपोर्टमध्ये ठळक लिहिलेली असते, त्या पातळीवरून डोक्याकडे जाणारी सरळ वाट नाही.

इथे सर्वांत स्वाभाविक हरकत येते, आणि ती रुग्णाच्या अनुभवातून येते. ‘माझं दुखणं मानेतूनच सुरू होतं. आधी मान आखडते, मग ते वर चढतं आणि डोळ्यामागे येऊन थांबतं. मला जाणवतं ते खोटं कसं?’ ते खोटं मुळीच नाही. पण वर सांगितलेला पेशीसमूह एकाच दिशेने काम करत नाही. मानेतली वेदना डोक्यात जाणवू शकते, तशी डोक्यातली वेदना मानेतही जाणवू शकते. लंडनमध्ये बार्त्श आणि गोड्सबी यांनी उंदरांवर केलेल्या, २००२ आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे दोन्ही बाजूंनी तपासलं. मानेकडचा मज्जातंतू चेतवला की मेंदूच्या आवरणाकडून येणाऱ्या निरोपांना या पेशी जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागल्या. आणि उलट, मेंदूचं आवरण चेतवलं की त्याच पेशी मानेच्या स्नायूंकडून येणाऱ्या निरोपांना अधिक संवेदनशील झाल्या. अर्धशिशीत नेमकी ही दुसरी गोष्ट घडते. म्हणून झटक्याच्या वेळी मान दुखते, आखडते, दाबली तर कळ येते. रुग्णांमध्ये पाहिलं तरी हेच दिसतं. २००२ साली कॅनिएकी यांनी अर्धशिशीच्या १४४ रुग्णांना विचारलं तेव्हा ७५ टक्क्यांनी झटक्याबरोबर मान दुखत असल्याचं सांगितलं. २०१० साली कॅल्हून आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अर्धशिशीच्या रुग्णांत मान दुखणं हे मळमळीपेक्षाही जास्त वेळा आढळलं. मळमळ हे अर्धशिशीचं ओळखीचं लक्षण म्हणून सगळे मानतात. मग तिच्याहून जास्त वेळा दिसणारं मानेचं दुखणं मात्र वेगळा आजार समजून त्याचा फोटो काढायला का जायचं? पुष्कळांत तर मान आखडणं हे डोकं दुखायला लागण्याच्या काही तास आधीच सुरू होतं, जांभया, चिडचिड, गोड खावंसं वाटणं यांच्या सोबतीने. ते झटक्याचं कारण नसतं. झटका तेव्हाच सुरू झालेला असतो.

दुसरी हरकत डॉक्टरांकडून येते आणि ती जास्त वजनदार आहे. मानेतून उद्भवणारी डोकेदुखी असतेच ना? असते. नॉर्वेच्या ऑटार स्योस्टाड यांनी १९८३ साली तिचं वर्णन एक स्वतंत्र आजार म्हणून मांडलं, आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला आज स्थान आहे. पण ती किती जणांना होते? नॉर्वेतल्या व्होगो या ग्रामीण भागात स्योस्टाड आणि बाक्केटाइग यांनी १८३८ प्रौढांना स्वतः तपासून जे मोजलं, त्यात तिचं प्रमाण ४.१ टक्के आलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळूर आणि आसपासच्या लोकांच्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचं प्रमाण सुमारे २५ टक्के होतं. देश वेगळे, पद्धती वेगळ्या, त्यामुळे या दोन आकड्यांचा थेट भागाकार करू नये. पण डोकं दुखतं म्हणून आलेल्या माणसात आधी कशाचा विचार करावा, एवढं त्यांतून कळतं. आणि मानेतून येणाऱ्या डोकेदुखीचं निदान करण्यासाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात काय मागितलं आहे? मानेत डोकेदुखी घडवू शकेल असा दोष तर हवाच, शिवाय पुढच्या चारांपैकी दोन गोष्टी हव्यात. तो दोष आणि डोकेदुखी यांची सुरुवात काळाच्या दृष्टीने जुळली पाहिजे. मान सुधारली तशी डोकेदुखीही लक्षणीय कमी झाली पाहिजे. मानेची हालचाल कमी झालेली असावी आणि ठरावीक हालचालींनी डोकेदुखी लक्षणीय वाढावी. किंवा मानेतला तो भाग अथवा त्याचा मज्जातंतू सुईने बधिर केल्यावर डोकेदुखी नाहीशी व्हावी. यात केवळ फोटोवर निदान बसत नाही. त्याच वर्गीकरणाच्या टिपणात स्पष्ट म्हटलं आहे, की मानेच्या वरच्या भागातले असे बदल डोकेदुखी नसलेल्यांतही सर्रास दिसतात. त्यांवरून संशय घेता येतो, पण कारण सिद्ध होत नाही.

याच बाजूने आणखी एक पुरावा पुढे केला जातो आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. जर्मनीत डीनर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मानेच्या खालच्या भागातली गादी सरकल्यामुळे शस्त्रक्रियेला आलेल्या ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १२ जणांना गादी सरकल्यानंतर नव्याने डोकेदुखी सुरू झाली होती. तुलनेसाठी घेतलेल्या, कमरेची गादी सरकलेल्या ५० जणांत अशी डोकेदुखी फक्त दोघांना होती. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी त्या बारांपैकी सात जण वेदनामुक्त होते आणि तिघांना बराच फरक पडला होता. म्हणजे खालच्या मणक्यांचा डोक्याशी कधीच संबंध येत नाही, हे माझं म्हणणं पूर्ण काटेकोर नाही. मानेचे स्नायू ताणले जाऊन किंवा अन्य वाटेने तो येऊ शकतो. पण हे रुग्ण कोण होते ते पाहा. त्यांची गादी ताजी सरकलेली होती, त्रास शस्त्रक्रियेपर्यंत गेलेला होता आणि डोकेदुखी त्या घटनेनंतर नवी सुरू झालेली होती. वीस वर्षांपासून महिन्यातून दोनदा डोकं दुखणाऱ्या माणसाच्या फोटोत सापडलेलं हाडाचं जुनं टोक, ही त्याहून पूर्ण वेगळी गोष्ट आहे. आणि याही रुग्णांत निम्म्याहून कितीतरी जास्त जणांना, म्हणजे पन्नासातल्या अडतीस जणांना, गादी सरकूनही नवी डोकेदुखी झालीच नव्हती.

तिसरी हरकत म्हणजे, ‘पण मानेच्या उपचाराने बरं वाटलं की!’ वाटतं, आणि त्याची कारणं मणक्याबाहेर शोधावी लागतात. स्पॉन्डिलोसिससाठी म्हणून दिलेल्या गोळीत स्नायू सैल करणाऱ्या औषधाबरोबर बहुधा वेदनाशामक असतं, आणि ते वेदनाशामक अर्धशिशीवरही काम करतं. अर्धशिशीचा झटका उपचाराविनाही चार तासांपासून तीन दिवसांत ओसरतो, त्यामुळे त्या काळात जे काही केलं त्याला श्रेय मिळतं. मग तो शेक असो, मालिश असो किंवा मानेला वजन लावून दिलेला ताण. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचलेलं असताना, आणि शिगेनंतर उतार येणारच असतो. डोक्याच्या मागच्या मज्जातंतूजवळ दिलेलं बधिर करणारं इंजेक्शनसुद्धा अर्धशिशीत आणि आणखी काही डोकेदुखींत उपयोगी पडतं, कारण त्याचा परिणाम शेवटी त्याच सामाईक पेशीसमूहावर होतो. म्हणून त्याने बरं वाटलं, एवढ्यावरून दोष मानेत होता असं म्हणता येत नाही. मानेच्या व्यायामांना मात्र मी या यादीत ओढणार नाही. खरोखर मानेतून डोकेदुखी येणाऱ्या २०० रुग्णांवर ऑस्ट्रेलियात जुल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक व्यायाम आणि हाताने केलेले उपचार यांचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. योग्य रुग्ण निवडला तर फिजिओथेरपी हा चांगला उपचार आहे. रुग्ण निवडायचा कसा, एवढाच प्रश्न आहे, आणि तो एक्स-रेने सुटत नाही.

हे सगळं एका रुग्णावर लावून पाहू. समजा, बँकेत काम करणाऱ्या ४१ वर्षांच्या एक बाई आहेत. विसाव्या वर्षापासून त्यांचं डोकं अधूनमधून दुखतं. घरात त्याला ‘पित्त’ म्हणत, कारण उलटी झाली की बरं वाटे. दुखणं उजव्या बाजूने मानेत सुरू होऊन डोळ्यामागे जातं, ठणके पडतात, उजेड सहन होत नाही, जिना चढला की वाढतं; अंधार करून झोपल्या की दुसऱ्या दिवशी ओसरतं. पाळीच्या आधी हमखास येतं. कधी डावी बाजूही दुखते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मानेचा एक्स-रे काढला गेला : सी५–सी६ची जागा कमी, मानेचा बाक सरळ. पट्टा आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की बरं वाटे, म्हणून ती पर्समध्येच राहू लागली. पहिल्यांदा महिन्यातून चार, मग दहा, आता अठरा. आणि आता डोकं जवळजवळ रोज जड असतं. ‘मणका आणखी झिजला असणार’ म्हणून या वेळी एमआरआय सांगितला गेला आहे.

या कहाणीत मान बाजूला ठेवून नुसती डोकेदुखी ऐकली, तर निदान अवघड नाही. काही तास ते तीन दिवस टिकणारे झटके, एका बाजूला, ठणकणारे, चालण्याफिरण्याने वाढणारे, सोबत मळमळ किंवा उलटी, उजेडाचा त्रास. आणि असे झटके पाचपेक्षा कितीतरी जास्त. ही अर्धशिशी आहे. दुखणं विसाव्या वर्षी सुरू झालं, तेव्हा आज फोटोत दिसणारी झीज कदाचित नव्हतीच. पाळीशी असलेला संबंध मणक्यावरून समजत नाही. बाजू बदलते, हेही मानेच्या एका ठरावीक सांध्याच्या विरोधात जातं. आणि रोजचं जडपण? एकत्रित वेदनाशामक महिन्यातून दहा किंवा त्याहून जास्त दिवस, साधं वेदनाशामक पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतलं, तर ते औषधच डोकेदुखी वाढवू लागतं. या बाईंच्या बाबतीत नेमकं तेच झालं. एमआरआयमध्ये यातलं काहीच दिसणार नाही. दिसेल ती फुगलेली गादी, आणि चुकीच्या निदानाला आणखी एक कागद जोडला जाईल. त्यांना गरज आहे ती तारीख, वेळ आणि गोळी लिहिलेल्या वहीची, वेदनाशामकं डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करण्याची, झटके कमी करणारं रोजचं प्रतिबंधक औषध सुरू करण्याची आणि झटका आलाच तर सुरुवातीलाच, मोजक्या दिवशी घ्यायच्या योग्य औषधाची. अशा प्रतिबंधक औषधांचा परिणाम दिसायला दीड-दोन महिने लागतात, हे आधीच सांगितलं नाही तर रुग्ण दुसऱ्या आठवड्यात परत पट्ट्याकडे वळतो.

याच बाईंची कहाणी वेगळी असती, तर माझं मत वेगळं झालं असतं. समजा, दोन वर्षांपूर्वी गाडीला मागून धडक बसली, त्यानंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, दुखणं कायम उजव्याच बाजूला, ठणका नाही, उलटी नाही. मान उजवीकडे वळवली किंवा बराच वेळ एकाच बाजूला धरली की हमखास वाढतं. फिजिओथेरपिस्टने मान पूर्ण पुढे वाकवून मग डोकं दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं. या स्थितीत खालचे मणके अडकलेले असतात आणि हालचाल मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यात होते. निरोगी माणसाचं डोकं प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश वळतं. इथे ते एका बाजूला तिसाच्या आतच थांबलं आणि तिथेच नेहमीची डोकेदुखी उमटली. अशा वेळी मानेकडे बोट दाखवायला आधार आहे. महत्त्वाची गोष्ट ही, की अशा रुग्णाचा एक्स-रे पुष्कळदा साफ असतो, आणि असला तरी निदान बदलत नाही.

मानेचा फोटो कधीच काढू नये, असं यातून निघत नाही. हाताची बोटं बधिर होणं, शर्टाची बटणं लावणं किंवा सही करणं अवघड जाणं, चालताना पाय अडखळणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची लक्षणं आहेत. तिथे एमआरआय लगेच हवा आणि तिथे स्पॉन्डिलोसिस खरोखर गंभीर असू शकतो. अपघातानंतरची मान, कर्करोग झालेल्या माणसाची नवी मानदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, काही क्षणांत शिगेला पोचलेली डोकेदुखी, मान आणि डोकं एकदम दुखू लागून सोबत पापणी खाली येणं किंवा तोल जाणं, यांतलं काहीही थांबून पाहण्यासारखं नाही. आणि ज्या ठिकाणी स्पॉन्डिलोसिसचा शिक्का सर्वांत जास्त नुकसान करतो, ते ठिकाण म्हणजे साठी-सत्तरीत पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. या वयात मानेच्या फोटोत झीज सापडणारच, त्यामुळे शोध तिथेच थांबण्याचा धोका सर्वाधिक असतो. पण केस विंचरताना टाळू दुखत असेल, जेवताना चावून चावून जबडा भरून येत असेल, वजन घटत असेल किंवा क्षणभर एका डोळ्यापुढे अंधारी येत असेल, तर कानशिलाच्या धमनीला आलेली सूज, म्हणजे जायंट सेल आर्टेरायटिस, असू शकते आणि तिच्यामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या दोन तपासण्या त्याच दिवशी करायच्या असतात, आणि संशय बळकट असेल तर धमनीच्या तुकड्याचा अहवाल येण्याची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करायचं असतं.